नावं सरेपर्यंत

छतातून पीठ पडतं हे रुखमाबाईने सगळ्यात आधी ओळखलं, कारण खाली काय पडलंय ते पाहणं हेच तिचं काम होतं.

शहाद्याच्या एसटी स्टँडामागे चंद्रिका टॉकीज आहे. तिथे बावीस वर्षं ती झाडू मारत होती. नवरा गेला तशी म्हसावद सोडून ती शहाद्यात आली. पोरगा सुरतेला साड्यांच्या कारखान्यात लागला आणि ती इथे लागली. या बावीस वर्षांत तिने एकही पिक्चर सुरुवातीपासून पाहिला नाही, पण शेवट मात्र हजारो पाहिले. नावं वर सरकायला लागली की ती झाडू घेऊन दारातून आत यायची. त्यामुळे कोणत्या गोष्टीत कोण कोणावर मरत होतं हे तिला ठाऊक नसायचं, आणि मेलेला कोण शेवटी डोळे उघडतो हे तिच्याइतकं तालुक्यात कोणाला ठाऊक नव्हतं.

तिला इंग्रजी येत नव्हती. मराठीसुद्धा बसच्या पाटीपुरतीच. पण पडद्यावरची ती सरकती नावं ती वाचायची, अक्षरांवरून नाही, आकारावरून. आधी एकेक नाव मोठं, रंगीत, मागे चित्रं हलताहेत. ही सजवलेली नावं संपून पडदा काळा झाला, की जरा थांबायचं. गोष्टीचा मागे राखलेला पहिला तुकडा असलाच तर तिथे असतो. मग बारीक अक्षरांच्या दोन ओळी शेजारी-शेजारी सरकायला लागतात, डावीकडे काम, उजवीकडे माणूस. मग नुसत्या नावांचे गठ्ठे, कांद्याच्या गोण्या रचल्यागत. ती कंप्युटरवर काम करणारी माणसं. मग गाण्यांचे परिच्छेद. मग शर्टाच्या बटणांसारखे छोटे-छोटे शिक्के. शेवटी एक जाड मजकूर, कायद्याचा. हिंदीत बोलवलेला पिक्चर असला तर कधी त्याच्याही मागे आवाज देणाऱ्यांची नावं. एवढं सगळं गेलं, बाजा थांबला, आणि तरीही वर केबिनच्या भोकातून उजेड येत राहिला, तर बसायचं. उजेड विझला तर उठायचं.

गावातल्या कॉलेजच्या पोरांना हे माहीत झालं होतं. काजल तर दर शुक्रवारची. बी.एस्सी.ला होती, बाप साखर कारखान्यात क्लार्क. नावं सुरू झाली की ती मान मागे वळवून हळूच विचारायची, "मावशी, बसू का उठू?"

"बठ. आजून शे," असं म्हटलं की काजल पाय वर घेऊन बसायची. "ऊठ, काही नही शे. घर जाय, माय वाट दखी ऱ्हायनी व्हई," असं म्हटलं की उठायची. तिच्यामागे दहाजण उठायचे. रुखमाबाईचा शब्द एकदाही खाली पडला नव्हता. जन्मभर लोकांचं उष्टं उचललेल्या बाईला एवढी एकच गोष्ट स्वतःची म्हणून मिळाली होती.

यातली निम्मी विद्या केबिनमधल्या शब्बीरची. शब्बीर ऑपरेटर. बापही याच केबिनमध्ये जुन्या मशीनच्या दिव्याचा कार्बन जाळून गेलेला. रिळं गेली, आता हार्डडिस्कात पिक्चर येतो, आणि मशीनच्या पडद्यावर किती गेलं, किती उरलं ते मिनिट-सेकंदांत दिसतं. नावं कुठे सुरू होतात त्याची खूण पिक्चरसोबतच येते. तिथे शब्बीर दिव्यांची आज्ञा लावून ठेवायचा: नावांना अर्धे दिवे, अगदी शेवटाला पूर्ण. पण मधे तुकडा आला की अर्धे दिवेही विझवायला हवेत, म्हणून नव्या पिक्चरचा शेवट तो शुक्रवारी सकाळी एकदा स्वतः पाहून घ्यायचा. रुखमाबाई चहा घेऊन वर जायची तेव्हा विचारायची.

एकदा तिने विचारलं होतं, "शब्बीरभाई, गोष्ट संपनी, मंग हाई शेपूट कसाले?"

"जीजी, हाई शेपूट या पिच्चरनं नहीच शे," शब्बीर म्हणाला. "हाई फुडला पिच्चरनी जाहिरात शे. काही येळे तर फुडला पिच्चरवालासनीच काढेल ऱ्हास. गोष्टमा बसस नही, म्हनीसन नावस्ना मांगे घालतस."

"मंग आगोदरच दखाडो ना."

"आगोदर दखाडं तर लोके निंघी जातीन. ज्यास्नी काम करं त्यास्ना नावे दखाडनं भाग शे, करार ऱ्हास. पन रिकामी खुर्चीले नाव दखाडीसन काय फायदा? शेवटले मिठाई ठेवं म्हनजे लोके बठतस. आनि जो उठी गया, त्याले भाईर दुसरा चिडावतस, 'तू तं दखंच नही.' तो परत टिकीट काढस."

"आनि नुसतं हसाडानं ऱ्हास ते?"

"ते फुकटनं शे. चुकेल शॉट, फजिती. जो थांबना त्याले खाऊ." शब्बीर बशीतला चहा फुंकत म्हणाला. "एक ध्यानमा ठेव जीजी. गोष्ट पुरी बंद व्हयनी, हिरो-हिरोईन घर गयात, तर शेवटले काही नही. पन एखादा मानूस मरना आनि त्यानं मढं दखाडं नही, का मांगला भागले शेपूट व्हतं, तर बठानं. आनि सुरुवातना सर्टिफिकेटवर मिनिटं लिखेल ऱ्हातस. त्यावरथीन नुसतं किती उरनं ते समजस. नावेच आठ-दहा मिनिटं चालतस, म्हनीसन तेवढावर भरोसा नही."

हे सगळं ती शिकली होती. आणि याच शेपटांमुळे तिला ते पीठ दिसायला लागलं.

टॉकीजला वर बाल्कनी आहे. बाल्कनीचं पोट खालच्या तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या रांगेवर येतं. बांधकाम पन्नास वर्षांचं. मशीन नवं आलं तेव्हा पडद्यामागे माणसाच्या उंचीचे भोंगे बसवले. ते घुमले की लघवीच्या खोलीतली बादलीसुद्धा थरथरायची. तरी रोजच्या धडाडधुडूमने काही पडत नव्हतं. पडायचं ते शेवटच्या तुकड्याला. कारण त्या तुकड्यात मेलेला जिवंत व्हायचा, आणि बाल्कनीतली दोनशे पोरं एकदम उभी राहून पाय आपटायची. वर पाय, खाली भोंगा. मधे तो जुना स्लॅब.

दोन वर्षांपूर्वी खुर्च्यांवर पडायचं ते दादर ज्वारीच्या पिठासारखं बारीक. मागच्या दिवाळीला रव्यासारखं. होळीनंतर खडीसाखर. त्या खड्यांना एका बाजूने तांबूस डाग असायचा. आतली सळई गंजून फुगते आणि गिलावा ढकलते, हे तिला कोणी सांगायला नको होतं. म्हसावदला मराठी शाळेची पडवी अशीच बसली होती. सुट्टीचा दिवस होता, म्हणून मास्तराची खुर्ची तेवढी गेली.

त्या शुक्रवारी मोठा पिक्चर लागला. चौथा भाग, हिंदीत बोलवलेला. सकाळी चहा घेऊन ती वर गेली तर शब्बीरचं तोंड उतरलेलं.

"दोन तुकडा शेत जीजी. पहिला रंगीत नावस्ना मांगे, साधा शे. दुसरा एकदम शेवटले, कायद्याना मजकूर गया का. नऊ मिनिटं नावे, मंग तीन सेकंद काळं, सन्नाटा. आनि मंग मांगला भागमा मरेल हिरो मुठ आपटीसन जमीन फोडस." त्याने मशीनवर बोट ठेवलं. "कंपनीनी सर्वात मोठा आवाज आठे ठेयेल शे."

बाराच्या खेळाला ती दारात उभी राहिली. कायद्याचा मजकूर वर गेला. काळं. सन्नाटा. मग तो ठोसा. त्यामागून बाल्कनी उसळली. चौदाव्या रांगेत खांबाजवळच्या रिकाम्या खुर्चीवर वरून काहीतरी थपकन पडलं. शिट्ट्यांत कोणाला ऐकू आलं नाही. तिने जाऊन पाहिलं. भाकरीएवढा तुकडा, चार बोटं जाड. वर पाहिलं तर तिथे उघडी सळई, आणि सळईपासून खांबापर्यंत गेलेली एक चीर. काल ती तिथे नव्हती.

तुकडा पदरात घेऊन ती गिरधरभाऊच्या टेबलापुढे गेली. गिरधर मॅनेजर. मालक नाशकात, म्हणून इथे तोच मालक.

"भाऊ, हाई दखा. वरथीन पडनं."

गिरधरने फोनवरची मान वर केली. "बस एवढंच? पंखा लागेल व्हई."

"पंखा तठे कोठे शे? चीर पडेल शे भाऊ. बाल्कनी बंद करा."

"बाल्कनी हाउसफुल्ल शे रविवारलोंग. सोमवारले मिस्तरी बलावसू." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आनि रुखमाबाई, भाईर तोंड उघाडू नको. मांगे कोन्हीतरी 'साप, साप' करं व्हतं, याद शे ना?"

याद होतं. साप नव्हताच. पण दारात माणसांवर माणसं पडली. सतरा चपला तिने गोळा केल्या होत्या. खांडबाऱ्याहून पाहुणी आलेल्या एका म्हातारीचा हात दारातच मोडला, आणि ती मोडलेल्या हाताने नातवाला शोधत होती. तेव्हापासून अंधारात ओरडायचं नाही हे रुखमाबाईने स्वतःलाच बजावलं होतं.

शब्बीरला म्हणाली, "शेवट कापी टाक."

"कापू? मांगला सालले कापं तं काय व्हयनं? मधलं दार फोडं, खुर्च्या फाडी टाक्यात. ते तर बाल्कनीमा नाचतीन जीजी." तो थांबला. "आवाज मी कमी करसू. पन त्यास्ना पाय कसा कमी करसू?"

तीनच्या खेळाला तिने ते केलं जे बावीस वर्षांत केलं नव्हतं. नावं लागली. काजलने मान वळवली. चौदाव्या रांगेत, खांबाजवळ, त्याच जागेवर.

"मावशी, बसू का उठू?"

"ऊठ," रुखमाबाई म्हणाली. "काही नही शे."

"नक्की? मागच्या भागाला तर होतं."

"मी कधी खोटं बोलनी का?"

काजल उठली, तिच्यामागे रांग उठली, पंधरावी उठली. खालचा हॉल जवळजवळ रिकामा झाला. खालचं पाहून बाल्कनीतलेही निम्मे उठून गेले, आणि शेवटचा तुकडा आला तेव्हा उरलेल्यांनी पाय आपटले. मूठभर खडे पडले, दुसरं काही नाही. रुखमाबाईने ते सुपात भरले, आणि तिला बरं वाटायच्या ऐवजी अंगावर काटा आला. आज नाही पडलं, म्हणजे उद्यावर गेलं.

बाल्कनीत काजलची मैत्रीण होती. रात्रीपर्यंत सगळ्या कॉलेजला कळलं.

शनिवारी तीनच्या खेळाला काजल परत आली. नवं तिकीट, तीच खुर्ची. दारात रुखमाबाई दिसली तशी ती थांबली.

"तुम्ही खोटं बोललात मावशी."

मागून एक पोरगा म्हणाला, "अरे आज झाडूवालीनं काही ऐकानं नही हं! ती घर जाय म्हने तर दोन तास बठानं!" सगळे हसले.

बाल्कनी ठेचून भरली होती. जिन्यावरसुद्धा पोरं. मध्यंतरात तिने बॅटरी मारून पाहिलं. चीर खांबाच्या पलीकडे गेली होती आणि तिच्यात आता बोट शिरलं असतं. ती गिरधरकडे गेली, तर तो तिकिटाच्या खिडकीत माणसं मोजत होता. बघून न बघितल्यासारखं केलं.

ती मोरीत गेली. फिनाईलचा पाच लिटरचा डबा होता, तो सगळा बादलीत ओतला. वर पाणी टाकलं नाही. खराटा घेतला, ओला पोचा घेतला, आणि दारात उभी राहिली. नऊ मिनिटं होती तिच्याकडे. कंपनीने नावांसाठी दिलेली. तेवढ्यात तीन रांगा रिकाम्या व्हायला हव्या होत्या, आणि कोणी धावायला नको होतं.

रंगीत नावं लागली. अर्धे दिवे आले. तुकडा होता म्हणून कोणी उठलं नाही. झाडूवालीला आत शिरायला मात्र हाच वेळ हक्काचा होता. ती तेराव्या रांगेत घुसली आणि खराटा असा मारला की धुळीचा लोट उठला.

"ए मावशी! पिच्चर चालू शे!"

"मले भी घर जावानं शे बाबा. फुडे बठा, फुडे खुर्च्या खाली शेत. पाय उचला!"

तिने बादली कलंडली. पांढरं फिनाईल खुर्च्यांखालून ओघळत गेलं. डोळे झोंबले. शिव्या पडल्या, आयमाय उद्धरली. पण नवे बूट घातलेली पोरं फिनाईलात बसत नाहीत. एक उठला, दोन उठले. पहिला तुकडा आला, दिवे विझले, पुन्हा आले. दोन ओळी सरकायला लागल्या. तेरावी रांग पुढे गेली. गठ्ठे सुरू झाले तेव्हा पंधरावीतला शेवटचा माणूस नाकाला रुमाल लावून उठला. गाण्यांचे परिच्छेद लागले.

चौदाव्या रांगेत काजल एकटी होती. पाय खुर्चीवर, ओढणी नाकावर.

"ऊठ माय."

"नाही उठणार. ओता किती ओतायचं ते."

"फुडे बठ. तठेथीन चांगलं दखास."

"कालही तुम्ही हेच केलं. काय मिळतं तुम्हाला? आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवायचो." तिने ओढणी खाली घेतली. "मी सगळ्यांना सांगायचे, आमच्या मावशी पडदा न वाचता सांगतात म्हणून."

पडद्यावर बटणांसारखे शिक्के लागले होते. रुखमाबाईने खराटा खाली ठेवला. ती वाकली आणि काजलच्या कानाशी म्हणाली, "काल मी खोटं बोलनी. आज नही बोलत. तुन्हा मोबाइलना उजेड वर मार. वरडजो नको. नुसतं दख."

काजलने चिडून उजेड वर मारला.

चिरेतून बारीक पांढरं काहीतरी सरळ रेघेत खाली येत होतं, वाळूच्या घड्याळातल्यासारखं. ते उजेडातून येऊन तिच्या गुडघ्यावर जमत होतं. तिने ते बोटाने पाहिलं. मग ती उठली. फिनाईलातून चालत दोघी पुढे आल्या. सहाव्या रांगेशी पोचेपर्यंत कायद्याचा मजकूर वर सरला.

काळं. सन्नाटा. तीन सेकंद.

शब्बीरने आवाज पार खाली आणला होता. ठोसा दूरच्या ढगासारखा आला. पण बाल्कनीने आपला ठोसा दिला.

मागे जो आवाज झाला तो सगळ्यांना पिक्चरचाच वाटला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. कोणीतरी ओरडलं, "काय साऊंड शे यार!" मग केबिनच्या उजेडाच्या झोतात धुळीचा ढग वर आला. पडद्यावरचा हिरो पांढरा झाला, मग दिसेनासा झाला. शिट्ट्या एकेक करून बंद पडल्या.

शब्बीरने पूर्ण दिवे लावले, सगळी दारं उघडली. बाल्कनी अजून वर होती. तिचं पोट तेवढं खाली आलं होतं, तीन रांगांवर. खुर्च्यांच्या पाठी कागदासारख्या दुमडल्या होत्या. वर उघड्या सळयांना आणखी मोठ्या-मोठ्या ढेपा लटकत होत्या.

"सावकाश," रुखमाबाई दारात उभी राहून म्हणत राहिली, "पाय नका आपटू. एक-एक. सावकाश." बाल्कनीतली पोरं भिंतीला धरून चोरासारखी जिना उतरली. कोणाची चप्पल राहिली नाही. खराटा तेवढा तिथेच राहिला.

गिरधर आला. त्याने पाहिलं, तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाला, "कोन्हाले लागनं नही ना?"

"नही."

"मंग दोरी बांध. मांगल्या रांगा आनि बाल्कनी बंद. फुडल्या बारा रांगा चालतीन. सहाना खेळना लोके भाईर उभा शेत."

रुखमाबाईने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या केसांवर, भुवयांवर, पदरावर चुना बसला होता. वर एक ढेप सळईवरून किंचित सरकली, खडे टपटप पडले.

"तूच बांध," ती म्हणाली.

ती बाहेर आली. रांग स्टँडाच्या भिंतीपर्यंत गेलेली. कॉलेजची ओळखीची काही पोरं त्यात होती. काजल तिच्या मागोमाग आली, तिच्याही गुडघ्यावर पांढरं होतं. रुखमाबाई दारात आडवी बसली, मधोमध, जाणाऱ्याला ओलांडावंच लागेल अशी.

"काय मावशी," रांगेतला पहिला पोरगा म्हणाला, पण त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. "शे का शेवटले काही?"

आतून पुन्हा काहीतरी पडल्याचा आवाज आला. लहानच होता.

"नही शे," रुखमाबाई म्हणाली. "घर जाय."

पोरगा काजलकडे बघायला लागला. काजलने मान हलवली. त्याने हातातलं तिकीट पाहिलं, दाराकडे पाहिलं, त्या पांढऱ्या बाईकडे पाहिलं, आणि मागे वळला. त्याच्यामागे रांग वळायला लागली.